‘अग्रहक्क’ म्हणजे कोणाच्या पुढे?

प्रश्न : कंपनीकडून ‘सक्तीने परिवर्तनीय अग्रहक्क भाग’ मिळालेत. कंपनी बुडाली तर आपले पैसे सर्वांत आधी मिळतील, असा याचा अर्थ होतो का? आणि सभेत मत देता येतं का? (भांडुप)

नाही, सर्वांत आधी नाही. ‘अग्र’ म्हणजे फक्त समहक्क भागांच्या, म्हणजे इक्विटीच्या, पुढे. तेही दोनच बाबतींत : लाभांश आणि समापनात भांडवलाची परतफेड. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४३ मध्ये या भागांची व्याख्याच या दोन गोष्टींवर उभी आहे. बाजारात मात्र सगळे ‘प्रेफरन्स’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बँकेच्याही आधी आपला नंबर.

समजा, अंधेरीतल्या एका कंपनीचं समापन चाललंय. समहक्क भांडवल २ कोटी, अग्रहक्क भांडवल १ कोटी, सगळे भाग १० रुपयांचे. मालमत्ता विकून, प्रक्रियेचा खर्च वजा जाता, हाती आले ६ कोटी. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये वाटपाची रांग ठरलेली आहे. त्यानुसार तारण असलेल्या बँकेला ३ कोटी आणि कामगार-कर्मचाऱ्यांना ५० लाख गेले. मग बिनतारण कर्ज देणाऱ्यांचे १ कोटी, सरकारी देणी २० लाख आणि माल पुरवणाऱ्यांचे ८० लाख. साडेपाच कोटी संपले. उरलेल्या ५० लाखांवर अग्रहक्कवाले येतात आणि त्यांना दहाच्या भागामागे ५ रुपये मिळतात. समहक्कवाल्यांना काहीच नाही. मालमत्ता साडेपाच कोटींनाच विकली गेली असती, तर अग्रहक्कवालेही रिकाम्या हाताने परतले असते.

आता ‘परिवर्तनीय’ हा शब्द या हिशोबात घाला. एकूण १० लाख अग्रहक्क भागांपैकी २ लाख भाग ज्याच्याकडे होते, त्याचे समापनाआधीच समहक्क भागांत रूपांतर झालं असेल, तर तो रांगेत शेवटी गेला. त्याला शून्य. उरलेल्या ८ लाख भागांना तेच ५० लाख, म्हणजे भागामागे सव्वासहा रुपये. म्हणून कागदावर रूपांतराची तारीख आणि रूपांतर ‘सक्तीने’ की ‘धारकाच्या मर्जीने’ हे आधी शोधायचं. तुमचं सक्तीचं आहे. तारीख येईल तेव्हा तुम्हाला विचारणार नाहीत. कंपनी चांगली चालली तर हेच रूपांतर फायद्याचं ठरतं, कारण त्यानंतर मतही मिळतं आणि वाढत्या किमतीत वाटाही.

परिवर्तनीय कर्जरोख्यांची गोष्ट निराळी. रूपांतर होईपर्यंत ते सहसा कर्जच, म्हणजे अग्रहक्क भागांच्या पुढे. आणि कर्जरोख्यांना मताधिकार देताच येत नाही. पण सक्तीने परिवर्तनीय कर्जरोख्यांत एक मेख आहे. अटींत कंपनीवर पैसे परत करण्याची जबाबदारीच नसेल, तर ते भांडवलात मोजले जाऊ शकतात. आयएफसीआय या वित्तसंस्थेच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असंच घडलं. नाव ‘कर्जरोखे’, पण वागणूक भागासारखी.

मताचं कलम ४७ मध्ये आहे. समहक्क भागांना प्रत्येक ठरावावर मत असतं. अग्रहक्क भागांना एरवी आपल्याच हक्कांवर थेट परिणाम करणाऱ्या ठरावांवर, तसंच कंपनीचं समापन, भांडवलाची परतफेड किंवा कपात यांवर. मात्र लाभांश दोन वर्षं किंवा अधिक थकला की सगळ्याच ठरावांवर मत मिळतं. वरच्या कंपनीत सर्व अग्रहक्क भागांचा लाभांश असा थकला, तर १ कोटीला २ कोटी या प्रमाणात, म्हणजे एकूण मतांपैकी एकतृतीयांश मतं त्यांच्या हाती. विशेष ठरावाला पडलेल्या मतांपैकी तीनचतुर्थांश लागतात, म्हणजे हा गट एकजुटीने विरोधात गेला तर ठराव अडतो. इथे बहुतेकांची फसगत होते ती खासगी कंपनीत : तिच्या नियमावलीत तशी तरतूद असेल तर कलम ४३ आणि ४७ तिला लागूच होत नाहीत. सूट २०१५ पासून आहे. तेव्हा कायदा वाचण्याआधी नियमावली वाचा.

लाभांशाचा दर ठरलेला असला, तरी तो व्याजासारखा हक्काने मागता येत नाही. नफा हवा आणि कंपनीने तो जाहीर करायला हवा. अग्रहक्क इतकाच की जाहीर झाला तर आधी यांना, मग समहक्कवाल्यांना. भाग ‘संचयी’ असतील तर थकलेली रक्कम पुढच्या वर्षांत चढते. पण कंपनी बंद होताना ती थकबाकीही मिळेल, असं गृहीत धरू नका. नियमावलीत किंवा भाग देतानाच्या अटींत तसं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. लिहिलेलं नसेल, तर मुद्दलावरच भागवावं लागण्याची शक्यता जास्त.