मुलीच्या पगाराचं बोलणं मुलीलाच करू द्या

मॅडम, माझी मुलगी एम.एस्सी. केमिस्ट्री आहे. दीड वर्षं कुंडईला क्यूसीत काम करते, हातात 20,000 येतात. आता वेर्ण्याच्या एका औषध कंपनीची वर्षाला 3.60 लाखांची ऑफर आली आहे. ती म्हणते, चार लाख मागणार. मी म्हणतो, आधी सही कर, नाहीतर दुसऱ्या कोणाला देतील. फारच झालं तर तिथे माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत, ते शब्द टाकतील. काय करावं?
एक पालक, फोंडा

नमस्कार,

त्या साहेबांना फोन करू नका. तुमच्या पत्रात मला पगारापेक्षा याचीच काळजी वाटली. ओळखीशिवाय काही होत नाही असं आपण गोव्यात लहानपणापासून ऐकत आलो, पण इथे मुलगी इंटरव्ह्यू देऊन स्वतःच्या बळावर निवडली गेली आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या काकांनी असाच शब्द टाकला होता. नोकरी गेली नाही, पण पगाराचं बोलणं तिथेच संपलं. एचआरवाल्यांनी त्याला पुन्हा विचारलंच नाही आणि प्लांटमध्ये तो ‘साहेबांचा माणूस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ते पुसायला त्याला दोन वर्षं लागली.

मागितलं म्हणून ऑफर जाते, हा मोठा गैरसमज आहे. कंपनीने जाहिरात दिली, इंटरव्ह्यू घेतले, विभागप्रमुखाने होकार दिला. एका सभ्य प्रश्नासाठी हे सगळं पुन्हा करायला सहसा कोणी तयार नसतं. ऑफर धोक्यात येते ती वेगळ्याच गोष्टींनी. सही करून झाल्यावर आकडा काढला, एकदा हो म्हटल्यावर आणखी मागितलं किंवा हातात नसलेली दुसरी ऑफर सांगितली आणि त्यांनी पत्र दाखवायला सांगितलं, तर. कॅम्पसमधून एकाच वेळी वीस जणांना घेतलं असेल तर पगार सगळ्यांना सारखाच असतो आणि तिथे बोलून उपयोग नसतो. तुमच्या मुलीची निवड तशी नाही.

मात्र तिने चार लाखही मागू नयेत. पत्रासोबत पगाराचा तक्ता असेल, तो दोघांनी मिळून वाचा. तुम्ही तो पाठवलेला नाही, म्हणून नमुन्यादाखल सांगते. 3.60 लाख म्हणजे महिन्याला 30,000. बेसिक 15,000 असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 720 यातच धरलेले असतात. वर्षाअखेर कामगिरी पाहून द्यायचे 30,000 धरले असतील, तर महिन्याचे आणखी 2,500 गेले. ग्रॉस उरला सुमारे 24,980. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 1,800 कापला की हातात 23,200 च्या आसपास. आता तिने चार लाख मागितले आणि कंपनीने वाढ त्या वर्षाअखेरच्या रकमेत घातली, तर कागदावर चार लाख होतील आणि दर महिन्याला हातात तेवढेच येतील. म्हणून वर्षाच्या आकड्याऐवजी महिन्याच्या ग्रॉसवर बोलायचं. या नमुन्यात मी 28,000 म्हणेन, म्हणजे साधारण 12 टक्के जास्त. 26,500 वर मिटलं तरी चांगलंच.

एचआरला हा आकडा विभागप्रमुखाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे वर सांगता येईल असं कारण त्यांच्या हाती द्यावं लागतं. फोंड्याहून जाण्यायेण्याचा खर्च किंवा घरची अडचण हे तसं कारण होत नाही. ती एचपीएलसीवर एकटी काम करत असेल, ऑडिटला सामोरी गेली असेल, तर ते होतं, कारण तिला शिकवण्यात त्यांचे काही महिने जाणार नाहीत. फोनवर एवढंच बोलायचं: ‘मला इथे काम करायचं आहे. एचपीएलसीवर मी दीड वर्षं स्वतंत्रपणे काम केलंय, तर ग्रॉस 28,000 होऊ शकेल का? झालं तर शुक्रवारपर्यंत सही करून पाठवते.’ मग गप्प राहायचं. बाजूला बसून तुम्ही खुणा करू नका. त्याच दिवशी हेच मेलवर लिहायचं.

‘विचारून सांगतो’ म्हणाले तर दोन-तीन दिवस थांबा. ‘हेच फायनल आहे’ म्हणाले तर पगाराचा विषय तिथेच सोडायचा. मग जॉइनिंग बोनस विचारता येतो. तो एकदाच द्यायचा असल्याने जुन्या लोकांच्या पगाराशी तुलना होत नाही, म्हणून कंपन्या त्याला लवकर तयार होतात. फोंड्याहून कंपनीची बस आहे का, हेही तेव्हाच विचारावं. तेही नाही म्हणाले तरी मूळ ऑफर आहे तिथेच आहे. हातात तीन हजार जास्त येत असतील, तर ती घ्यावी असं मला वाटतं.

एका बाबतीत तुमची घाई खरोखर नुकसान करेल. नवा आकडा लिहिलेलं, सहीशिक्क्याचं पत्र हातात येईपर्यंत कुंडईचा राजीनामा देऊ नका. फोनवर ‘झालं समजा’ म्हणाले तरीही नाही.