आधी वजाबाकी, मग भागाकार

प्रिय,

तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. ‘एक ऑफर नऊ लाखांची, दुसरी आठ लाख चाळीस हजारांची. म्हणजे महिना पंच्याहत्तर हजार की सत्तर? मग विचार कसला करायचा?’ आणि त्याच मेसेजच्या शेवटी, पंच्याहत्तर धरून पंचवीस हजार भाड्याचा फ्लॅट बघून ठेवलाय म्हणे. हे वाचलं आणि मला तेव्हाच फोन उचलावासा वाटला. पण मी फोनवर चिडतो, म्हणून लिहितोय.

आधी वजाबाकी, मग भागाकार. हा क्रम उलटा केलास की आकडा खोटाच येणार.

पॅकेज, म्हणजे सीटीसी, हा कंपनीने स्वतःच्या बाजूने मांडलेला हिशेब असतो: ‘हा माणूस आम्हाला वर्षाला किती रुपयांना पडतो?’ त्यातले काही रुपये तुझ्या खात्यात कधीच येत नाहीत, काही फार उशिरा येतात, आणि काही आले तर येतात. सगळ्याला सरसकट बाराने भागायचं म्हणजे गोणीसकट तांदूळ तोलायचे.

तू पाठवलेलं नऊ लाखांचं अ‍ॅनेक्शर, म्हणजे ऑफरपत्रासोबतचा पगाराच्या फोडीचा कागद, समोर ठेवलाय. बेसिक साडेचार लाख, घरभाडे भत्ता १,८०,०००, स्पेशल अलाउन्स ९६,०००. हे तिन्ही दर महिन्याला मिळणारे. पुढच्या ओळी बघ. कंपनीचा पीएफ ५४,०००, ग्रॅच्युइटी २१,६४५, विम्याचा हप्ता ८,३५५, आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून दिला तर मिळणारा भाग, ९०,०००. या चार ओळींची बेरीज १,७४,०००. ती नऊ लाखांतून वजा कर. उरतात ७,२६,०००. आता भाग बाराने: ६०,५००. हा तुझा महिन्याचा ग्रॉस. त्यातून तुझ्या वाटणीचा पीएफ बेसिकच्या बारा टक्के, म्हणजे ४,५०० जाणार, आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात ५५,८००. आयकर मी धरला नाही, कारण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही. त्याच्या वर गेलास की तीही एक ओळ वजा करावी लागेल.

पंच्याहत्तर कुठे आणि पंचावन्न कुठे! फ्लॅटचं भाडं आता पुन्हा बघ.

आता त्या कागदातली खरी गोम सांगतो. मी बावीस वर्षं पगारपत्रकं केली, म्हणून ती माझ्या नजरेत आहे. अ‍ॅनेक्शरमध्ये दोन रकाने असतात, ‘वार्षिक’ आणि ‘मासिक’. मासिक रकान्यात ग्रॅच्युइटीसमोर १,८०४ छापलेलं असतं, व्हेरिएबलसमोर ७,५००, आणि खाली बेरीज बरोबर ७५,०००. पोरं ती बेरीज बघतात आणि घरी फोन करतात. तो रकाना कुणाला फसवण्यासाठीच असतो असं मी म्हणत नाही. एक्सेलमध्ये सूत्र खाली ओढलं की तो आपोआप तयार होतो. पण ग्रॅच्युइटी महिन्याला कुणालाच मिळत नाही. कंपनी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, सव्वीस दिवसांचा महिना धरून, बेसिकच्या ४.८१ टक्के बाजूला मोजते. कायम नोकरीत तो हक्क साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो. त्याआधी सोडलंस तर ती ओळ शून्य.

हे मी वाचून शिकलो नाही. पहिल्या नोकरीत चार वर्षं तीन महिने काढले आणि दुसरीकडे पगार वाढतोय म्हणून सोडली. चार वर्षं माझ्या पॅकेजमध्ये जी ग्रॅच्युइटी मोजली जात होती, ती निघताना विचारली तर क्लार्क हसला. त्याहून वाईट म्हणजे व्हेरिएबलचं. मार्च संपायच्या आत मी राजीनामा दिला होता आणि पत्रात बारीक अक्षरात लिहिलं होतं की वाटपाच्या तारखेला कर्मचारी पटावर असला पाहिजे. वर्षभर राबलो, गेले पैसे. आणि बाराने भागलेल्या आकड्यावर घेतलेल्या स्कूटरचा हप्ता तेवढा सुरू राहिला. वडिलांकडून दोन महिने पैसे मागावे लागले, ते आजही खुपतं.

पीएफबद्दल मात्र गैरसमज नको. तो हातात येत नाही, पण तो तुझाच आहे. कंपनीच्या ४,५०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात, बाकी तुझ्या खात्यात व्याजासकट साठतात. म्हणून तुलना करताना तो परत मिळवायचा. भाडं ठरवताना मिळवायचा नाही. प्रश्न दोन आहेत, त्यांची उत्तरंही दोन.

आता दुसरी ऑफर. तिथे व्हेरिएबल नाही, विमा पॅकेजबाहेर, आणि पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवर बारा टक्के, म्हणजे महिन्याला तुझे १,८०० आणि कंपनीचे १,८००. कंपनीचा वर्षाचा पीएफ २१,६०० आणि ग्रॅच्युइटी २०,२०२ वजा केली की महिन्याला ६६,५०० च्या आसपास उरतात. तुझा पीएफ आणि व्यवसाय कर काढला तरी हातात साडेचौसष्ट. साठ हजारांनी ‘लहान’ पॅकेज महिन्याला साडेआठ हजारांहून जास्त देतंय!

पण मी तुला एकदम उडी मार म्हणणार नाही. पीएफ दोन्हीकडे मिळवून बघ: पहिलीत ६४,८००, दुसरीत ६८,१००. फरक उरला महिन्याला ३,३००, वर्षाला चाळीस हजारांच्या घरात. म्हणजे पहिल्या कंपनीने नव्वद हजार व्हेरिएबलपैकी निम्म्याच्या आसपास दरवर्षी खरंच दिलं तर ती पुढे जाते. तेव्हा एचआरला ‘व्हेरिएबल किती आहे’ असं विचारू नकोस, ते कागदावर आहेच. ‘गेल्या तीन वर्षांत माझ्या पातळीवरच्या लोकांना किती टक्के मिळालं, आणि कोणत्या महिन्यात?’ असं विचार. उत्तर गोलमोल आलं तर तिथे शून्य धर.

लोक मला हट्टी म्हणतात. दहा वर्षांपूर्वी मी एक मोठ्या आकड्याची नोकरी नाकारली, कारण त्यातला तिसरा हिस्सा व्हेरिएबल होता आणि या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर देईना. बायको अजूनही अधूनमधून तो आकडा ऐकवते. मी चुकलो असेनही. त्या कंपनीने कदाचित सगळं दिलंही असतं. पण घराचा हप्ता ‘कदाचित’वर चालत नाही, हे मी स्कूटरच्या वेळी शिकलो होतो, आणि पुन्हा शिकायची माझी तयारी नव्हती.

उद्या दोन्हीकडे मेल टाक: ‘कृपया पहिल्या पूर्ण महिन्याची नमुना पगारपावती पाठवा.’ ‘पूर्ण’ हा शब्द राहू देऊ नकोस, कारण तू अठरा तारखेला रुजू होणार, आणि त्या महिन्याचा पगार दिवसांप्रमाणे कापून येईल. पावत्या आल्या की फोन कर. फ्लॅटवाल्याला तोवर टोकन देऊ नकोस.

तुझा,
काका