चोर्ला घाट आणि काट्याखालचा दिवा

पणजीहून बेळगावला पहिल्यांदाच गाडी घेऊन निघतोयस, तर साखळीतच टाकी बघ. समज, तिथे पिवळा दिवा लागलाय आणि डिस्प्ले म्हणतोय ७२ किलोमीटर. हा आकडा येतो कुठून? टाकीत उरलेलं पेट्रोल गुणिले तुझं अलीकडचं ॲव्हरेज. सपाट रस्त्यावर १८ मिळालं असेल, तर ४ लिटरचे ७२ झाले. केरीच्या पुढे चढ सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲव्हरेज ९ वर येतं आणि तेच ४ लिटर ३६ किलोमीटरांत संपतात. गाडीला पुढचा घाट दिसत नाही, ती फक्त मागचा रस्ता जाणते.

त्यात वळणांवर उरलेलं पेट्रोल टाकीत एका बाजूला सरकतं. इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि वाहतं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, वंगणही देतं. पेट्रोलऐवजी हवा ओढली की तो कोरडा घासतो. एकदा झालं म्हणून लगेच जळत नाही, पण सवय लागली की झिजतो. मागच्या सीटखालून बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला, चढावर गाडी आचके देऊ लागली, तर समज.

बंद पडलीच तर सेल्फ मारत बसू नकोस बाबा, पंप कोरडाच फिरेल. आधी पेट्रोल घाल, मग चावी दोन-तीनदा ‘ऑन’ करून थांब, लाइन भरू दे. डिझेल असेल तर लाइनमधली हवा काढायला बहुधा मेकॅनिकच लागतो.

मी पाव टाकीच्या खाली घाट चढत नाही.