बाँडचा खरा खर्च दंडाच्या आकड्यात दिसत नाही

प्रश्न: मी निपाणीचा. कर्नाटकात सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिनची सीट मिळतेय. स्टायपेंड बरा वाटतो, पण पुण्यातले इंजिनिअर मित्र कधीच पुढे गेलेत. शिवाय एक वर्षाचा बाँड. हिशेब कसा मांडायचा?

उत्तर: बेळगाव भागातलाच आहे, त्याच वाटेने गेलोय. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. वकील नाही, तेव्हा कायद्याचं शेवटी स्वतः तपासा.

2024 च्या 25 टक्के वाढीनंतर कर्नाटकात सरकारी पीजीला पहिल्या वर्षी 56,250, दुसऱ्या वर्षी 62,500 आणि तिसऱ्या वर्षी 68,750 रुपये मिळतात. तीन वर्षांचे एकूण साडेबावीस लाख. केंद्राच्या संस्थांत ज्युनियर रेसिडेंटचं मूळ वेतन 56,100 आहे, म्हणजे आकडा जवळजवळ तोच. पण तिथे त्यावर महागाई भत्ता, घरभाडं आणि खाजगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता चढतो. आपल्याकडे एकरकमी आकडा, तिथेच संपला.

इंजिनिअरशी तुलना करून जिवाला त्रास करून घेऊ नका, त्यांच्यात पगाराची तफावतच फार. तुलना करायची तर पीएचडी करणाऱ्या मित्राशी करा. ज्युनियर रिसर्च फेलोला 37,000 रुपये आणि वर घरभाडं. महिन्याला तो मागे दिसतो. पण वॉर्ड, कॅज्युअल्टी, नाईट मिळून आठवड्याला ऐंशी तास धरले तर आपल्याला तासाला साधारण 162 रुपये पडतात. त्याचे पंचेचाळीस तास धरले तर घरभाड्याशिवाय 190. रेसिडेंटने सलग बारा तासांवर आणि आठवड्याला 48 तासांवर काम करू नये, हे 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे. वॉर्डात ते कुणी पाळत नाही, आणि याचा मला आजही संताप येतो.

आता बाँड. कर्नाटकचा सक्तीच्या सेवेचा कायदा 2012 चा. पीजीनंतर एक वर्ष सरकारी रुग्णालयात सेवा, नाहीतर 15 ते 30 लाख दंड. वरची रक्कम तीन वर्षांच्या सगळ्या स्टायपेंडपेक्षा जास्त आहे, तेव्हा 'पैसे भरून मोकळं होऊ' हा पर्याय आपल्यासारख्या घरात नसतोच. पुढे दुरुस्ती होऊन रिक्त जागा असतील त्या प्रमाणातच सेवा लावायची असं झालं. तुम्हाला सूट मिळाली तर ती तोंडी मानू नका, ना-हरकत पत्र हातात घ्या.

सेवेचं मला काही वाटलं नाही. तालुक्याच्या रुग्णालयात एकट्याने निर्णय घ्यायला तिथेच शिकलो. मला लुटलं ते दोन्ही टोकांच्या रिकाम्या काळाने. निकाल लागला की स्टायपेंड बंद. नेमणुकीचा आदेश यायचा तेव्हा येतो, तोवर ना पगार ना दुसरी नोकरी धरता येते, कारण मूळ कागद अडकलेले. वर्ष संपल्यावर सेवा पूर्ण केल्याचं पत्र निघेपर्यंत पुन्हा तेच. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) माझा हजर अहवाल गहाळ केला आणि सेवा नोंद झाल्या तारखेपासून मोजली. पोच मागितली होती, तर 'त्याची गरज नसते' म्हणून परत पाठवलं होतं. नंतर रोज एकच, साहेब बेंगळूरूला गेलेत. कोल्हापूरच्या एका रुग्णालयाने माझी जागा धरून ठेवली होती, मूळ कागद मिळेनात म्हणून ती दुसऱ्याला गेली. माणूस शिकला, राबला, करार पाळला, आणि एका शिक्क्यासाठी घरी बसला. हा अन्याय आहे.

समजा आधी तीन आणि नंतर दोन महिने असे गेले. तिसऱ्या वर्षाच्या स्टायपेंडच्या दराने धरले तरी 3,43,750 रुपये झाले, स्पेशालिस्टच्या पगाराने धरले तर कितीतरी जास्त. हिशेबात ही रक्कम लिहा, दंडाची नको.

म्हणून हजर होताना दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. नाही म्हणाले तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. दर महिन्याच्या हजेरीची सही घेतलेली प्रत ठेवा. बाँडचा मसुदा कन्नडमध्ये असेल आणि तुमचं शिक्षण मराठी शाळेत झालं असेल, तर नीट कन्नड वाचणाऱ्याला बसवून ओळ न ओळ समजून घ्या. विशेषतः सीट मधेच सोडण्याचा दंड आणि सेवेचा दंड वेगळे लिहिलेत का, ते बघा. जामीनदार मागितले तर वडिलांना शेतीचा उतारा लावण्याआधी रक्कम स्पष्ट सांगा.

खाजगी कॉलेजही डोक्यात असेल तर 2023 च्या नियमांनुसार तिथेही राज्याच्या सरकारी कॉलेजाइतकाच स्टायपेंड द्यायला हवा. पण सीनियरला आकडा विचारू नका, बँकेचं पासबुक दाखवायला सांगा, आणि जमा झालेले पैसे परत मागतात का तेही विचारा.

सरकारी सीट, तीही मेडिसिन, मी असतो तर घेतली असती. फक्त तिसऱ्या वर्षाच्या स्टायपेंडमधून पाच महिन्यांचा घरखर्च बाजूला काढायला आधीच सुरुवात केली असती. स्टायपेंड उशिरा होतो तेव्हाही तोच कामी येतो.