दुकान बंद करतोय, ग्राहकांना काय लिहू?

प्रश्न: माझं छोटं दुकान पुढच्या महिन्यात बंद करतोय. ग्राहकांचे आभार मानायचेत, पण बऱ्याच ऑर्डरी अजून बाकी आहेत. पोस्टमध्ये काय आणि कसं लिहू?

उत्तर: माझं शिवणकामाचं दुकान होतं, तेही असंच बंद केलं. लिहायला बसण्याआधी पावतीबुक उघडा. नवीन ऑर्डर घेणं आजच थांबवा, नाहीतर यादी संपतच नाही. मग प्रत्येक पावतीपुढे काम नेमकं कुठवर आलंय ते लिहा.

आमच्या धंद्यात सगळं कात्रीवर येऊन थांबतं. कापड कापलेलं नसेल तर कापड आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही परत. ग्राहक दुसरीकडे शिवून घेऊ शकतो. एकदा बेतून कापलं की दुसरा शिंपी सहसा हात लावत नाही. माप त्याने घेतलेलं नसतं आणि बिघडलं तर बोल मात्र त्यालाच लागतो. म्हणून कापलेलं सगळं शिवून द्यायचं असं ठरवलं आणि बंद करायची तारीख त्यावरून काढली. कपडे न्यायची शेवटची तारीख आणि जागा सोडायची तारीख यांत अंतर ठेवा. कोट घालून बघितल्यावर बाही आखूड करायला माणूस परत येतोच.

पोस्ट साधारण अशी होती:

"दुकान अमुक तारखेला बंद होत आहे. नवीन काम घेणं थांबवलं आहे. कापलेले कपडे शिवून मिळतील, तयार झाले की फोन करू. न कापलेलं कापड आणि अ‍ॅडव्हान्स अमुक तारखेपर्यंत घेऊन जा. पावती हरवली असेल तर नाव आणि फोन नंबर सांगा. दुकान बंद झाल्यावरही हा नंबर चालू राहील. माप आमच्यावर सोपवून निर्धास्त राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार."

आभार शेवटी आहेत ते मुद्दाम. ज्याचं कापड तुमच्याकडे अडकलंय तो आधी तेच शोधतो, ते सापडेपर्यंत त्याला बाकी काही वाचवत नाही. बंद करण्याचं कारण द्यायचं तर एका वाक्यात द्या. जागामालकाशी झालेलं भांडण तिथे नको, खालच्या प्रतिक्रिया सगळ्या त्यावरच रंगतात.

नुसत्या पोस्टवर विसंबू नका. ज्यांचे पैसे किंवा वस्तू तुमच्याकडे आहेत त्या प्रत्येकाला फोन करा. पोस्ट नेमकी त्यांच्याच नजरेतून सुटते. ऑनलाइन पैसे घेतले असतील तर ते खातं घाईने बंद करू नका. कार्डावरून आलेली रक्कम सहसा त्याच खात्यातून त्याच कार्डावर परत जाते आणि पोचायला काही दिवस लागतात. समोरच्याने 'मिळाले' म्हटल्यावरच पावतीवर काट मारा.

गिफ्ट कूपन दिली असतील तर तीही बाकी ऑर्डरच धरा. पावतीबुकात ती दिसत नाहीत, म्हणून पोस्टमध्ये त्यांचा वेगळा उल्लेख करा.