रुपया कोणत्या चलनासमोर घसरला, ते आधी बघा

प्रश्न: "बातम्यांत रोज ऐकतो, रुपया घसरला, आता तेल महागणार, पण निर्यातदारांची चांदी. माझ्या मामांची निफाडला द्राक्षबाग आहे, माल हॉलंडला जातो. ते म्हणतात, २०२२ मध्ये रुपया एवढा पडला तरी आमच्या हातात जास्त काही आलं नाही, उलट आदल्या वर्षीपेक्षा कमीच आलं. मग खरं काय? आणि मुळात रुपया पडतो का?"

मामा बरोबर सांगताहेत. बातमीतला रुपया डॉलरशी मोजलेला असतो आणि मामांना पैसे युरोत मिळतात. पण तिथे जाण्याआधी त्या वर्षी काय झालं ते नीट बघू, कारण त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

जानेवारी २०२२ मध्ये एका डॉलरला साधारण ७४-७५ रुपये पडत होते. ऑक्टोबरमध्ये हा दर ८२-८३ वर गेला. रुपयाचा भाव ठरतो तो बँकांच्या बाजारात, डॉलर विकत घेणारे आणि विकणारे यांच्या ओढाताणीत. त्या वर्षी घेणारे एकदम वाढले. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि वर्षाच्या सुरुवातीला ८० डॉलरच्या आसपास असलेलं कच्च्या तेलाचं पिंप मार्चमध्ये १२० च्या वर गेलं. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास बाहेरून आणतो. गाड्या तेवढ्याच, कारखाने तेवढेच, पण तेवढ्याच तेलासाठी तेल कंपन्यांना बाजारातून कितीतरी जास्त डॉलर उचलावे लागले.

दुसरीकडून, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्चपासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि जवळजवळ शून्यावरून वर्षअखेर सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेले. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही रेपो दर ४ वरून ६.२५ वर नेला, पण दोन्ही देशांच्या व्याजातलं अंतर कमीच झालं. परदेशी गुंतवणूकदार हिशोब सोपा करतो: घरच्या सरकारी रोख्यावर चांगलं व्याज मिळत असेल तर मुंबईच्या शेअर बाजारातली जोखीम कशाला? वर्षभरात त्यांनी आपल्या शेअर बाजारातून सुमारे १ लाख २० हजार कोटी रुपये काढून घेतले. शेअर विकून हातात आलेले रुपये त्यांना घरी नेता येत नाहीत, ते डॉलरमध्ये बदलावे लागतात. म्हणजे बाजारात डॉलरचं आणखी एक मोठं गिऱ्हाईक आलं.

रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातले डॉलर विकून घसरण संथ केली. सप्टेंबर २०२१ मध्ये ६४२ अब्ज डॉलर असलेली परकीय गंगाजळी ऑक्टोबर २०२२ मध्ये ५२५ अब्जांच्या आसपास आली. हे सगळे डॉलर विकले गेले असं मात्र नाही. या साठ्यात युरो, पौंड, येन आणि रोखेही असतात, आणि डॉलरपुढे त्यांचीही किंमत घटली होती. हा धागा लक्षात ठेवा, मामांचं उत्तर याच्याशी जोडलेलं आहे.

आता घरातलं बघू. पेट्रोल हे चांगलं उदाहरण नाही, कारण त्या वर्षी ६ एप्रिलनंतर कंपन्यांनी पंपावरचा भाव वाढवलाच नाही, आणि मे महिन्यात केंद्राने व जुलैत महाराष्ट्र सरकारने कर कमी केले. रुपयाचा मार तिथे कंपन्यांच्या ताळेबंदात गेला. खाद्यतेलात मात्र तो थेट दिसतो. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल आयात होतं: इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन, युक्रेन-रशियाचं सूर्यफूल. समजा बंदरावर पामतेल टनाला १,००० डॉलरने उतरलं. डॉलर ७४.५० असताना ते किलोला साडेचौऱ्याहत्तर रुपये पडतं, डॉलर ८२.५० झाला की साडेब्याऐंशी. मलेशियात भाव एक पैशाने वाढला नाही तरी किलोमागे आठ रुपये वाढले, तेही आपला कर, शुद्धीकरण आणि वाहतूक धरण्याआधी.

पण २०२२ च्या उत्तरार्धात किराणा दुकानात तेल उतरलेलं होतं, मग हे आठ रुपये गेले कुठे? इंडोनेशियाने २८ एप्रिलला पामतेलाची निर्यात थांबवली, २३ मे रोजी पुन्हा खुली केली, आणि त्यानंतर जगभरात पामचा भाव कोसळला. तो जेवढा उतरला तेवढा आपल्याकडे उतरला नाही, कारण मधला काही वाटा पडलेल्या रुपयाने खाल्ला. घसरणीचा फटका असा महागाईच्या रूपात न दिसता न मिळालेल्या स्वस्ताईच्या रूपातही येतो, आणि लोकांच्या तो ध्यानातच येत नाही. ओळखायचा असेल तर वस्तूचा डॉलरमधला भाव आणि आपल्याकडचा भाव शेजारी ठेवून बघा. याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे, आयात तेल महाग पडलं की लातूरच्या सोयाबीनला आधार मिळतो. ग्राहक जिथे जास्त मोजतो तिथे शेतकऱ्याला थोडं जास्त मिळू शकतं, अर्थात सरकारने मध्येच आयात शुल्क कमी केलं नाही तर.

आता मामांची पेटी. निर्यातदाराचा फायदा सरळ असतो: खर्च रुपयात, बिल परक्या चलनात. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचे पगार रुपयात आणि अमेरिकेतल्या ग्राहकाचं बिल डॉलरमध्ये, म्हणून तिला त्या वर्षी प्रत्येक डॉलरमागे जास्त रुपये मिळाले. द्राक्षाचं बिल मात्र युरोत. २०२१ च्या हंगामात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चला, युरो ८७-८८ रुपयांच्या घरात होता. २०२२ च्या हंगामात तो ८३-८४ च्या आसपास आला, कारण युद्ध आणि गॅसटंचाईने युरो स्वतःच डॉलरपुढे रुपयापेक्षा जास्त वेगाने घसरत होता. जुलैत तर एक युरो एका डॉलरच्या बरोबरीला आला.

पाच किलोच्या पेटीला दहा युरो मिळाले असं धरा. २०२१ मध्ये त्याचे ८७० रुपये होतात, २०२२ मध्ये ८३०. त्याच वेळी जहाजाचं भाडं डॉलरमध्ये मोजायचं, आणि तो ७३ वरून ७६ वर गेलेला. म्हणजे मामांची मिळकत घसरत्या चलनात आणि खर्चाचा एक भाग चढत्या चलनात, दोन्हीकडून कात्री. शिवाय खतं-औषधांतलाही बराचसा माल किंवा कच्चा माल आयातीचा असतो. हिरे व्यापाऱ्यांचंही थोडंफार असंच. कच्चा हिरा डॉलरमध्ये आणायचा आणि पैलू पाडून डॉलरमध्येच विकायचा, त्यामुळे रुपया पडल्याचा लाभ फक्त मधल्या मजुरीवर आणि नफ्यावर मिळतो, पूर्ण बिलावर नाही. आणि रुपया घसरल्याच्या बातम्या परदेशी ग्राहकही वाचतो. पुढच्या सौद्याला तो हमखास भाव पाडून मागतो.

म्हणून मामांना सांगा, हंगामाआधी डॉलरचा दर बघण्यापेक्षा युरो-रुपयाचा बघा. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया म्हणजे एफबीआयएल ही संस्था रोज डॉलर, युरो, पौंड आणि येन या चारही चलनांचे संदर्भदर जाहीर करते. तिकडच्या आयातदाराशी किमान हमी भावाचा करार झाला असेल आणि रक्कम युरोत ठरली असेल, तर त्या युरोचा पुढचा दर बँकेत फॉरवर्ड कराराने आजच बांधून घेता येतो. पण पूर्ण रक्कम बांधू नये. माल पोचायला काही आठवडे लागतात. तिकडे औषधाचे अंश जास्त निघाले किंवा मणी गळाले म्हणून बिल कापलं गेलं, तर कबूल केलेले युरो हातात येत नाहीत, करार मोडावा लागतो, आणि दरम्यान युरो वर गेला असेल तर तो फरक बँक तुमच्याकडूनच वसूल करते. माझ्या मते अर्ध्या-पाऊण रकमेपुरता दर बांधावा आणि उरलेली रक्कम पैसे जमा होतील त्या दिवशीच्या दराने घ्यावी.