अॅक्युरसी ६१ टक्के आणि स्कोअर ४५.५ टक्के, मधले मार्क गेले कुठे?

प्रश्न: राज्यसेवा पूर्वची मॉक दिली, जीएस पेपर, १०० प्रश्न २०० मार्क. ८८ सोडवले, ५४ बरोबर, ३४ चूक. ॲप अॅक्युरसी ६१.३६% दाखवतंय आणि स्कोअर फक्त ४५.५%. क्लासचे सर म्हणाले निगेटिव्हने खाल्लं, पुढच्या वेळी ६५-७० च सोडव. खरंच कमी सोडवू का?

उत्तर:

आधी हिशोब करून टाकू, मग सरांकडे येतो. ५४ बरोबर म्हणजे १०८ मार्क, आयोग चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांच्या पाव कापतो म्हणजे दोन मार्काच्या प्रश्नाला अर्धा, ३४ चुकांचे १७ गेले, राहिले ९१. २०० पैकी ९१ म्हणजे ४५.५ टक्के, ॲप बरोबरच सांगतंय. घोळ एवढाच की दोन टक्क्यांच्या खाली भागायचा आकडा वेगळा आहे, अॅक्युरसी ८८ ने भागलीये आणि स्कोअर १०० प्रश्नांच्या पूर्ण २०० मार्कांनी, त्यामुळे सोडलेले १२ प्रश्न अॅक्युरसीत कुठे दिसतच नाहीत पण स्कोअरमध्ये पूर्ण दिसतात. निगेटिव्ह नसतं तरी तुम्हाला ५४ टक्केच पडले असते, ६१ कधीच नाही. म्हणजे निगेटिव्हने खाल्ले ते साडेआठ टक्के, सगळे सोळा नाही.

मी स्वतः तिसरा एक आकडा काढतो तो म्हणजे पेनल्टी कापून उरलेली अॅक्युरसी. ८८ प्रश्न १७६ मार्कांचे, त्यात हातात आले ९१, म्हणजे ५१.७ टक्के. सोडवलेल्या प्रश्नाला सरासरी एक मार्क आणि वर किंचित काहीतरी, हे तुमचं खरं उत्पन्न.

आता ६५-७० चं. हे वाक्य नवी पेठेतल्या प्रत्येक अभ्यासिकेत ऐकू येतं आणि मी पण ते दोन वर्षं मानलं. एका मॉकला मी फक्त ६१ सोडवले, ४९ बरोबर, अॅक्युरसी ८०, चहाच्या टपरीवर सगळ्यांना स्क्रीनशॉट दाखवत होतो. रूममेटने ८५ सोडवले, ५६ बरोबर आणि २९ चूक, अॅक्युरसी ६६ च्या आसपास, मी त्याला शहाणपणा शिकवला की बाबा तू फार तुक्के मारतोस. मार्क बघितले तर माझे ९२ आणि त्याचे ९७.५. आणि मेरिट लागतं ते मार्कांवर, अॅक्युरसीवर नाही, हे तोवर डोक्यात शिरलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रश्नपत्रिकेवर (उत्तरपत्रिकेवर नाही हां!) प्रत्येक सोडवलेल्या प्रश्नापुढे पेन्सिलीने खूण करतो. खात्रीचा असेल तर टिक, दोन पर्याय उडवून दोनात अडकलो असेन तर गोल, आणि निव्वळ तुक्का असेल तर फुली. घरी आल्यावर तिन्हींचा हिशोब वेगळा करायचा. तुमचे ८८ कसे विभागले असतील ते मला माहीत नाही, पण समजा असे असतील: खात्रीचे ४०, त्यात ३४ बरोबर ६ चूक. दोनातले २८, त्यात १५ बरोबर १३ चूक. तुक्के २०, त्यात ५ बरोबर १५ चूक. बेरीज तुमचीच, ५४ आणि ३४.

खात्रीचे ६८ वजा ३ म्हणजे ६५ मार्क देतात, दोनातले ३० वजा साडेसहा म्हणजे साडेतेवीस, आणि तुक्के १० वजा साडेसात म्हणजे अडीच. आता सरांचं ऐकून वीसही तुक्के सोडून द्या. सोडवले ६८, बरोबर ४९, अॅक्युरसी झाली ७२ टक्के, ॲपवर हिरवा बाण वर जाईल. मार्क मात्र ८८.५, म्हणजे ४४.२५ टक्के. अॅक्युरसी जवळजवळ ११ ने वाढली आणि मार्क अडीचने कमी झाले!

असं का होतं, तर चार पर्याय आणि पाव कपात या जोडीत डोळे मिटून मारलेल्या तुक्क्यालाही सरासरी थोडा नफाच आहे. चारात एकदा २ मार्क मिळतात, तीनदा अर्धा अर्धा असा दीड जातो, चार प्रश्नांमागे अर्धा मार्क उरतो. पाचात एक बरोबर आला तरी बरोबरी होते. दोनात अडकलेला प्रश्न तर सरासरी पाऊण मार्क देतो, तो सोडणं म्हणजे सरळ नुकसान. युपीएससीच्या पूर्वला कपात एक तृतीयांश आहे, तिथे हेच वीस तुक्के १० मिळवून १० घालवतात, शून्य. त्यामुळे दिल्लीवाल्यांचे सल्ले आपल्या पेपरला जसेच्या तसे लावू नका, सरांचाही बहुतेक तिथलाच असावा.

पण याचा अर्थ सगळे शंभर गोल काळे करा असा नाही. अडीच मार्क हा सरासरीचा नफा झाला, एका दिवशी वीसातले ३ च लागले तर ६ वजा साडेआठ, म्हणजे उलट अडीच जातात, आणि ३ किंवा त्याहून कमी लागणं साधारण चार-पाच पेपरमागे एकदा होतं. दुसरं म्हणजे विधानांच्या प्रश्नात, 'फक्त अ आणि ब बरोबर' टाइपच्या, पेपर काढणारा तुमचा अर्धवट अभ्यास ओळखून ओळखीचा दिसणारा चुकीचा पर्याय ठेवतो, तिथे तुक्का खरं तर तुक्का नसतो, सापळ्याकडे ओढलेला असतो आणि चारात एकपेक्षाही कमी लागतो. म्हणून स्वतःच्या फुल्यांचा हिशोब पाच-सहा मॉकचा लावा. वीस टक्क्यांच्या खाली असाल तर फुल्या बंद, वर असाल तर चालू ठेवा, आणि गोल कधीच सोडू नका.

मला तुमच्या जागी जास्त काळजी वाटली असती त्या खात्रीच्या ६ चुकांची. तुक्का सोडून दिला तर त्या चुकीचा फक्त अर्धा मार्क वाचतो, पण खात्रीचा चुकलेला प्रश्न बरोबर आला असता तर अर्धा वाचून वर २ मिळाले असते, म्हणजे एकामागे अडीच. सहांचे १५. माझ्या यादीत त्यातले निम्मे 'अयोग्य विधान ओळखा' हे नीट न वाचल्याने गेलेले असायचे, एखादा चुकीच्या नंबरचा गोल काळा केल्याने.

आणि हो, प्रत्येक नव्या टेस्ट सिरीजला एक चेक करा. बरोबरची संख्या गुणिले २, त्यातून दाखवलेला स्कोअर वजा करा, उरलेल्याला चुकांच्या संख्येने भागा. तुमचं १०८ वजा ९१ भागिले ३४, बरोबर ०.५ येतं. मी एका सिरीजमध्ये महिनाभर ०.६६ कापून घेत होतो, त्यांनी युपीएससीचं सेटिंग बदललंच नव्हतं, आणि मी उगाच जास्त जास्त प्रश्न सोडून देत बसलो होतो.